दशांश अपूर्णांकांचे प्रकरण स्वयंचलित चाचणीत उतरवताना

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी दशांश अपूर्णांकांचे प्रकरण ऑनलाइन चाचणीच्या रूपात आणायला घेतले. चाचणी सोडवून पूर्ण होताच विद्यार्थ्याला गुण समजावेत, आणि जे उत्तर चुकले ते नेमके का चुकले हेही त्याच पडद्यावर वाचायला मिळावे, एवढी माझी अपेक्षा होती. साधन म्हणून गुगल फॉर्म्स निवडले, कारण ते बहुतेकांच्या परिचयाचे असते आणि त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. खर्च होतो तो वेळेचा, आणि तोही फॉर्म बनवण्यात फारसा होत नाही. माझा बहुतेक वेळ चुकीचे पर्याय शोधण्यात आणि त्यांच्यासाठी अभिप्राय लिहिण्यात गेला. ज्यांना हे काम पहिल्यांदा करायचे आहे त्यांनी वेळेचे गणित याच हिशेबाने मांडावे.

पहिले काही दिवस मी संगणक उघडलाच नाही. प्रकरण वाचत गेलो आणि समासात एकच गोष्ट लिहीत गेलो, ती म्हणजे या ठिकाणी विद्यार्थ्याला कोणता निर्णय घ्यावा लागतो. परिच्छेदागणिक एक प्रश्न काढण्याची पद्धत सोपी असते, पण तिच्यातून "दशांश चिन्हानंतरच्या पहिल्या स्थानाला काय म्हणतात" असे पाठांतराचे प्रश्न निघतात. निर्णय शोधू लागल्यावर प्रकरण चार गोष्टींत आटोपले: अंकाची स्थानिक किंमत ओळखणे, दोन-तीन संख्यांची तुलना करणे, बेरीज-वजाबाकीत दशांश चिन्हे एकाखाली एक आणणे आणि गुणाकारात दशांश चिन्हाची जागा ठरवणे. "कारण सांगा" प्रकारचे स्वाध्याय मी बाजूला ठेवले. फॉर्ममध्ये लांब उत्तराचा प्रश्न घेता येतो, परंतु तो शिक्षकालाच तपासावा लागतो आणि स्वयंचलित गुणांकनाचा हेतू तेथेच संपतो.

त्यानंतर जुन्या वह्या आणि उत्तरपत्रिका काढल्या. चुकीचा पर्याय मनाने रचला तर तो कोणी निवडतही नाही. विद्यार्थी प्रत्यक्षात जी चूक करतात तिच्यातून पर्याय घेतला, तर तो निवडणाऱ्याच्या डोक्यात काय चालले आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते आणि अभिप्राय लिहिणे शक्य होते. तुलनेच्या प्रश्नात मला हे सर्वांत स्पष्टपणे दिसले, म्हणून तोच प्रश्न सविस्तर सांगतो. (फॉर्ममध्ये मी सर्वत्र इंग्रजी अंक ठेवले होते, येथे मात्र नेहमीप्रमाणे मराठी अंकांत लिहीत आहे.)

माझा पहिला मसुदा असा होता: ०.८, ०.४५ आणि ०.१२५ यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती? दशांश चिन्हानंतरचे अंक सलग पूर्ण संख्येसारखे वाचणारा विद्यार्थी १२५ ही ४५ आणि ८ यांच्यापेक्षा मोठी आहे असे म्हणून ०.१२५ निवडतो. वह्यांमध्ये ही चूक वारंवार दिसते. पण त्याच वह्यांत तिच्या उलट जाणारी आणखी एक समजूत होती. दशांश हा भाग शतांशापेक्षा मोठा आणि शतांश हा सहस्रांशापेक्षा मोठा, म्हणून जितके अंक कमी तितकी संख्या मोठी, असे काही जण धरून चालतात. असा विद्यार्थी या प्रश्नात ०.८ निवडतो, पूर्ण गुण मिळवतो आणि आपली समजूत बरोबर असल्याची खात्री बाळगून पुढे जातो. फॉर्मला फक्त निवडलेला पर्याय दिसतो, त्यामागचे कारण दिसत नाही. म्हणून एकाच प्रश्नावर निदान सोपवणे धोक्याचे असते.

त्यावर उपाय म्हणून मी जोडीला दुसरा प्रश्न घेतला: ०.६, ०.७३ आणि ०.६८२ यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती? येथे लांब संख्येला मोठी मानणारा ०.६८२ निवडतो, आखूड संख्येला मोठी मानणारा ०.६ निवडतो, आणि ज्याला स्थानिक किंमत समजली आहे तो ०.७३ वर येतो. तीन पर्यायांमागे तीन वेगळे विचार आहेत आणि त्यातला एकही उगीच घातलेला नाही. चौथा पर्याय हवाच या सवयीमुळे मी काही काळ "तिन्ही समान" असे काही घालण्याच्या विचारात होतो. मात्र ज्या पर्यायामागे ओळखता येण्याजोगी चूक नाही त्याला अभिप्राय तरी काय द्यायचा, हा प्रश्न विचारल्यावर तो विचार सोडून दिला. गुणाकाराच्या प्रश्नातही हीच पद्धत ठेवली. ०.३ × ०.२ याचे उत्तर ०.०६ येते. एका दशांश स्थळाच्या दोन संख्या असल्यामुळे उत्तरातही एकच स्थळ ठेवणारा ०.६ निवडतो, आणि घाईत बेरीज करणारा ०.५ निवडतो.

प्रश्न कागदावर तयार झाल्यानंतर फॉर्म उघडला. Settings मध्ये Make this a quiz हे बटण चालू केले की प्रत्येक प्रश्नाखाली Answer key असा दुवा दिसू लागतो. त्यावर टिचकी मारून बरोबर पर्याय आणि गुण नोंदवायचे, आणि Add answer feedback येथे अभिप्राय लिहायचा. याच ठिकाणी माझी योजना अडली. अभिप्रायाच्या चौकटीत दोनच कप्पे असतात, एक चुकीच्या उत्तरांसाठी आणि एक बरोबर उत्तरासाठी. ०.६८२ निवडणाऱ्याला एक मजकूर आणि ०.६ निवडणाऱ्याला दुसरा, अशी सोय त्या चौकटीत नाही. सगळ्या चुकीच्या पर्यायांना मिळून एकच मजकूर दिसतो. मूडलसारख्या शिक्षण-प्रणालीत प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र अभिप्राय जोडता येतो, त्यामुळे ज्यांच्या संस्थेत ती आहे त्यांनी हे काम तेथे करणे अधिक सोयीचे ठरेल. माझ्याकडे फॉर्म्सच होते, म्हणून वाट काढणे भाग होते.

पहिली वाट म्हणजे एकाच कप्प्यात दोन्ही चुकांचे उत्तर लिहिणे. वरच्या प्रश्नासाठी शेवटी ठरलेला मजकूर असा होता:

"०.६८२ निवडले असल्यास: ६८२ ही संख्या ७३ पेक्षा मोठी आहे, पण दशांश चिन्हानंतरचे अंक सलग वाचून तुलना करता येत नाही. आधी दोन्ही संख्यांतील दशांश स्थानाचे अंक पाहा. ०.६ निवडले असल्यास: एक दशांश हा एका शतांशापेक्षा मोठा असतो हे खरे आहे, पण ०.७३ मध्ये नुसते शतांश नाहीत, सात दशांश आणि शिवाय तीन शतांश आहेत. ०.६०० आणि ०.७३० असे लिहून पुन्हा तुलना करा."

हा मजकूर या रूपात यायला बऱ्याच खाडाखोडी झाल्या, आणि त्यातून काही गोष्टी पक्क्या झाल्या. पर्यायाचा उल्लेख नेहमी त्याच्या मूल्याने करावा, "पर्याय ब" असा करू नये, कारण पर्यायांचा क्रम बदलता ठेवला की प्रत्येकाच्या पडद्यावर ब वेगळा असतो. विद्यार्थ्याच्या विचारात जे खरे आहे ते आधी मान्य करावे आणि मग तो विचार कोठे वळला ते दाखवावे. "स्थानिक किंमत नीट अभ्यासा" यासारखे वाक्य लिहू नये, कारण ते कोणत्याही प्रश्नाखाली चिकटवता येते. आणि मजकूर फोनच्या पडद्यावर फार खाली न सरकवता वाचता येईल एवढाच असावा. एखाद्या प्रश्नातील चुका दोनपेक्षा जास्त असतील तर एकत्रित मजकूर वाचवत नाही, आणि अशा प्रश्नाचे दोन प्रश्न करणे बरे पडते.

बरोबर उत्तराचा कप्पा मी बहुतेक प्रश्नांत रिकामाच ठेवला. अपवाद केला तो ०.८ च्या प्रश्नाचा. तेथे "०.८ मध्ये अंक कमी आहेत म्हणून ती मोठी आहे असे नाही, तिच्यात आठ दशांश आहेत म्हणून ती मोठी आहे" असे लिहिले, कारण चुकीच्या कारणाने बरोबर आलेल्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्याची तेवढीच एक जागा होती.

दुसरी वाट विभागांची आहे. बहुपर्यायी प्रश्नाच्या तीन टिंबांच्या मेनूत Go to section based on answer हा पर्याय असतो. तो चालू केला की प्रत्येक पर्यायापुढे विद्यार्थ्याला कोणत्या विभागात न्यायचे ते निवडता येते. ०.६८२ निवडणाऱ्यासाठी एक विभाग केला, ०.६ निवडणाऱ्यासाठी दुसरा, आणि बरोबर उत्तर देणारा थेट पुढच्या प्रश्नाच्या विभागात जाईल असे ठरवले. प्रत्येक चुकीच्या विभागात संख्यारेषेचे एक चित्र, दोन-तीन वाक्यांचे स्पष्टीकरण आणि त्याच जातीचा नवा प्रश्न ठेवला: ०.४, ०.५२ आणि ०.४६१ यांपैकी मोठी संख्या कोणती. या रीतीने प्रत्येक चुकीला खरोखर वेगळा अभिप्राय मिळतो, आणि तोही चाचणी सोडवत असतानाच मिळतो.

येथे एका जागी विशेष लक्ष द्यावे लागते. प्रत्येक विभागाच्या तळाशी After section असे लिहिलेले असते आणि तेथे आपोआप पुढचा विभाग नेमलेला असतो. तो बदलला नाही तर ०.६८२ चे स्पष्टीकरण वाचून झालेला विद्यार्थी त्यालगतच्या ०.६ च्या स्पष्टीकरणात जाऊन पडतो, जे त्याच्यासाठी नसते आणि त्याला गोंधळात टाकते. प्रत्येक स्पष्टीकरणाच्या शेवटी पुढच्या मुख्य प्रश्नाचा विभाग हाताने निवडावा लागतो. विभाग वाढत गेले की हे गणित डोक्यात राहत नाही, म्हणून मी कागदावर चौकोन आणि बाण काढून तो नकाशा शेजारी ठेवला होता.

विभागांच्या वाटेला एक मर्यादाही आहे. स्पष्टीकरण वाचल्यावर विद्यार्थी मागे जाण्याचे बटण दाबून आपले उत्तर बदलू शकतो, आणि गुण शेवटच्या उत्तराला मिळतात. सरावासाठी ही चांगलीच गोष्ट आहे, पण गुण नोंदवायचे असतील तर तिला अर्थ उरत नाही. म्हणून मी दोन फॉर्म करायचे ठरवले: विभाग असलेला सरावाचा फॉर्म, आणि सरळ रचनेचा, एकत्रित अभिप्राय असलेला गुणांचा फॉर्म. सरावाच्या फॉर्ममध्ये स्पष्टीकरणांसोबतच्या नव्या प्रश्नांना शून्य गुण ठेवले, कारण ते सर्वांना दिसत नाहीत आणि त्यांचे गुण एकूण बेरजेत असणे योग्य नव्हते.

गुणांच्या फॉर्ममधील बहुपर्यायी प्रश्न मी एकेक करून हाताने भरले नाहीत. ते आधी गुगल शीटमध्ये लिहिले: पहिल्या स्तंभात प्रश्न, दुसऱ्यात बरोबर पर्याय, पुढच्या दोन स्तंभांत चुकीचे पर्याय आणि शेवटच्या स्तंभात अभिप्राय. सगळे प्रश्न एका नजरेत दिसत असल्यामुळे तपासणी सोपी झाली आणि एका सहकारी शिक्षिकेला तीच शीट वाचायला देता आली. मात्र मजकूर भरण्यापूर्वी सगळे स्तंभ निवडून Format मधील Number मध्ये जाऊन Plain text करणे अत्यावश्यक आहे. तसे केले नाही तर इंग्रजी अंकांत लिहिलेल्या `3/10` ला शीट तारीख समजते आणि `0.50` मधले शेवटचे शून्य काढून टाकते. दशांश अपूर्णांकांच्या प्रकरणात ते शून्यच कधीकधी प्रश्नाचा विषय असते.

शीटवरून फॉर्म तयार करण्यासाठी Extensions मधील Apps Script येथे पुढील छोटी आज्ञावली वापरली. पहिली ओळ शीर्षकांची असल्यामुळे ती वगळली आहे.

```
function makeQuiz() {
  const rows = SpreadsheetApp.getActiveSheet()
    .getDataRange().getDisplayValues().slice(1);
  const form = FormApp.create('Decimals').setIsQuiz(true);
  rows.forEach(r => {
    const q = form.addMultipleChoiceItem();
    q.setTitle(r[0]).setPoints(1).setRequired(true);
    q.setChoices([1, 2, 3].map(i =>
      q.createChoice(r[i], i === 1)));
    q.setFeedbackForIncorrect(
      FormApp.createFeedback().setText(r[4]).build());
  });
}
```

आज्ञावली पहिल्यांदा चालवताना गुगल परवानगी मागते. खात्याच्या प्रकारानुसार हे ॲप पडताळलेले नाही असा इशाराही येऊ शकतो. तो पाहून दचकायला होते, पण आज्ञावली आपण स्वतः लिहिलेली आणि आपल्याच खात्यात असल्यामुळे Advanced वर जाऊन पुढे जाता येते. दुसऱ्या कोणाकडून आलेल्या आज्ञावलीला मात्र ती वाचल्याशिवाय अशी परवानगी देऊ नये. या पद्धतीने बनलेल्या प्रत्येक प्रश्नात बरोबर पर्याय पहिलाच असतो, म्हणून प्रत्येक प्रश्नाच्या तीन टिंबांच्या मेनूत जाऊन Shuffle option order चालू करावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकही प्रश्न सुटून चालत नाही. पर्यायांत "वरील सर्व" असे काही असेल तर क्रम बदलताच तो वर जाऊन निरर्थक होतो, त्यामुळे असे पर्याय मी मुळातच घेतले नव्हते.

लघुउत्तरी प्रश्नांची उत्तरसूची या आज्ञावलीतून भरता येत नाही, ती फॉर्ममध्ये जाऊन हातानेच द्यावी लागते. १.२५ + ०.५ याचे उत्तर विद्यार्थ्याने स्वतः लिहावे अशी माझी इच्छा होती, कारण पर्याय समोर असले की १.३ लिहिणारा (म्हणजे ५ च्या खाली ५ मांडणारा) आपली चूक पाहून सावरतो आणि ती आपल्याला दिसतच नाही. पण फॉर्म हे उत्तर संख्या म्हणून पारखत नाही, लिहिलेला मजकूर सूचीशी जुळतो का एवढेच पाहतो. फॉर्मसाठी `1.75`, `1.750`, `१.७५` आणि `1.75 मीटर` ही चार वेगळी उत्तरे आहेत. विद्यार्थ्याच्या फोनवर मराठी कळफलक उघडा असेल तर गणित बरोबर असूनही गुण जातात.

यासाठी दोन उपाय एकत्र केले. उत्तरसूचीत `1.75` आणि `१.७५` ही दोन्ही उत्तरे घातली आणि Mark all other answers incorrect वर खूण केली. शिवाय प्रश्नाच्या मेनूतील Response validation मध्ये Regular expression, त्यापुढे Matches निवडून पुढील साचा दिला.

```
^[0-9०-९]+([.][0-9०-९]+)?$
```

याचा अर्थ असा की उत्तरात केवळ अंक आणि हवे असल्यास मध्ये एक दशांश चिन्ह चालेल. कोणी एकक किंवा शब्द लिहिला तर चाचणी पुढे सरकत नाही आणि "फक्त संख्या लिहा, एकक लिहू नका" ही मी दिलेली सूचना लाल अक्षरांत दिसते. दशांश चिन्ह सक्तीचे केले असते तर उत्तर अपूर्णांकात येते हेच फुटले असते, म्हणून ते ऐच्छिक ठेवले. लघुउत्तराला बरोबर-चूक असे दोन अभिप्राय देता येत नाहीत, एकच मजकूर सर्वांना दिसतो. त्यामुळे तेथे "चुकले" असा सूर न ठेवता "०.५ ला ०.५० असे लिहून दशांश चिन्हे एकाखाली एक मांडली की शतांशाखाली शतांश येतात" अशी रीतच लिहिली. ती बरोबर उत्तर देणाऱ्यालाही खटकत नाही.

एकापेक्षा अधिक बरोबर पर्यायांचा प्रश्नही प्रकरणात होता: ०.५ शी समान असलेल्या संख्या निवडा. चौकटींवर खुणा करण्याच्या प्रकारात फॉर्म अंशतः गुण देत नाही. तीनपैकी दोन बरोबर निवडणारा आणि काहीच न समजलेला, दोघांनाही शून्य मिळते. मी तो प्रश्न बहुपर्यायी तक्त्यात बदलला, ज्यात प्रत्येक ओळीत एक संख्या आणि वर "समान आहे", "समान नाही" असे दोन स्तंभ असतात. तक्त्यात प्रत्येक ओळीला स्वतंत्र गुण देता येतात. हाही भाग हातानेच करावा लागला.

आता गुण कधी दाखवायचे हा प्रश्न उरला. फॉर्ममध्ये दोन पर्याय असतात: सादर करताच गुण दाखवणे, किंवा शिक्षकाने तपासल्यावर नंतर दाखवणे. माझे दोन गट वेगवेगळ्या दिवशी चाचणी देणार होते, आणि पहिल्या गटाला लगेच बरोबर उत्तरे दिसली असती तर ती दुसऱ्या गटापर्यंत पोहोचायला संध्याकाळसुद्धा लागली नसती. म्हणून गुणांच्या फॉर्ममध्ये नंतरचा पर्याय ठेवला. त्यासाठी विद्यार्थ्यांचे ईमेल पत्ते घेणे आवश्यक ठरते, आणि दोन्ही गटांचे झाल्यावर Responses मधून सर्वांचे गुण एकदम पाठवता येतात. याची किंमत अशी की अभिप्राय विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याने ते उत्तर का निवडले होते हे तो विसरलेला असतो. सरावाच्या फॉर्ममध्ये मात्र लगेच गुण दाखवले आणि चुकलेले प्रश्न, बरोबर उत्तरे व गुण ही तिन्ही बटणे चालू ठेवली.

जुलैच्या सुरुवातीला चाचपणी केली. नुसती सगळी उत्तरे बरोबर देऊन पाहण्यात फारसा अर्थ नसतो. मी आधी कागदावर काल्पनिक विद्यार्थी ठरवले: एक नेहमी लांब संख्येला मोठी मानणारा, एक नेहमी आखूड संख्येला मोठी मानणारा, एक गुणाकारात चिन्ह चुकवणारा. प्रत्येकाला किती गुण मिळायला हवेत आणि कोणते अभिप्राय दिसायला हवेत हे लिहून ठेवले आणि मग त्यांच्या वतीने फॉर्म भरला. अपेक्षेपेक्षा वेगळे गुण आले की उत्तरसूचीत कोठेतरी गडबड आहे हे लगेच कळते. सहकारी शिक्षिकेने हाच प्रयोग फोनवर केला आणि एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास आणली. सरावाचा फॉर्म सादर केल्यावर येणाऱ्या पानावरील View score हे बटण दाबल्याशिवाय अभिप्राय दिसत नाही, आणि ते न दाबताच पान बंद करणारे पुष्कळ असणार. तेव्हा Presentation मधील Confirmation message येथे "उत्तर का चुकले हे वाचण्यासाठी View score दाबा" असे वाक्य घातले. चाचपणी संपल्यावर Responses च्या मेनूतून सगळे प्रतिसाद पुसून टाकले.

त्यापुढची वाट पाहणे कंटाळवाणे होते. फॉर्म संस्थेच्या खात्यातून बनवलेला असल्यामुळे तो केवळ त्याच संस्थेच्या खात्यांना उघडत होता, तर बऱ्याच विद्यार्थ्यांकडे वैयक्तिक खातीच होती. बाहेरच्या खात्यांसाठी फॉर्म खुला करण्याची परवानगी तांत्रिक विभागाकडे लेखी मागावी लागली आणि उत्तर येईपर्यंत बरेच दिवस गेले. ज्यांना संस्थेचे खाते वापरायचे आहे त्यांनी ही विचारणा प्रश्न लिहायला घेतानाच करून ठेवावी. परवानगी आली की ब्राउझरच्या खाजगी खिडकीत दुवा उघडून पाहावा, कारण आपल्या नेहमीच्या खिडकीत आपण मालक म्हणून प्रवेश केलेला असतो आणि सर्व काही सुरळीतच दिसते. पाठवायच्या दुव्यात `viewform` असते. ज्या दुव्याच्या शेवटी `edit` आहे तो आपल्यासाठी असतो, आणि संपादनाचा अधिकार ज्याला मिळेल त्याला उत्तरसूचीही दिसते.

चाचणी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. सरासरी गुणांपेक्षा मला त्या दोन तुलनेच्या प्रश्नांची उत्तरे शेजारी शेजारी पाहण्याची उत्सुकता होती, म्हणून प्रतिसाद शीटला जोडून दोन्ही स्तंभ एकत्र आणले. पहिल्या प्रश्नात ०.८ लिहून गुण मिळवलेल्या आणि दुसऱ्यात ०.६ निवडलेल्या विद्यार्थ्यांचा एक लहानसा पण स्पष्ट गट त्यात होता. हे विद्यार्थी एरवी गुणांच्या यादीत कोठेही उठून दिसले नसते. त्यांना बोलावून ०.६ आणि ०.७३ या संख्यांना दशांशांच्या पट्ट्या वापरून रंगवायला सांगितले. गुणाकाराच्या प्रश्नात ०.५ हा पर्याय मात्र जवळजवळ कोणी निवडला नाही. बेरीज करण्याची ती चूक वह्यांत होती खरी, पण बहुधा घाईची होती, समजुतीची नव्हती. पुढच्या वेळी त्या जागी ६ हा पर्याय येईल, कारण दशांश चिन्ह अजिबात न देणारे लघुउत्तरांत दिसले.

ही दुरुस्ती मी चालू फॉर्ममध्ये केली नाही. प्रतिसाद आल्यानंतर पर्यायाचा मजकूर बदलला तर आधीचे प्रतिसाद जुन्याच मजकुरासह राहतात आणि सारांशात जुना व नवा पर्याय वेगवेगळे मोजले जातात. त्याऐवजी फॉर्मची प्रत काढली. प्रतीत प्रश्न, उत्तरसूची आणि अभिप्राय जसेच्या तसे येतात, प्रतिसाद येत नाहीत. नवा पर्याय, त्यासाठीचा अभिप्राय आणि शीटमधील तीच ओळ असे तीन ठिकाणी बदल केले, आणि प्रतीच्या नावात महिना व वर्ष घातले, म्हणजे कोणता फॉर्म कोणत्या गटाने सोडवला होता हे पुढे शोधावे लागणार नाही.